दाट वस्तीतल्या कुटुंबांसाठी एअर प्युरिफायरची जाहिरात लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एअर प्युरिफायर विकणारे छोटे ब्रँड, इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार आणि त्यांच्यासाठी मराठीत मजकूर लिहिणारे कॉपीरायटर नेहमी विचारतात. डोळ्यांसमोर ग्राहक ठेवला आहे तो मुंबईतल्या कुर्ला, गोवंडी, शीव, चेंबूर अशा भागांत चाळीत, एसआरएच्या इमारतीत किंवा वन रूम किचनमध्ये राहणारा. उत्तरांत आलेले यंत्राचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या यंत्राचे खरे आकडे त्या जागी घाला आणि हिशेब पुन्हा करा.

जाहिरातीची सुरुवात कशाने करावी? काळवंडलेल्या फुप्फुसांचं चित्र चालेल का?

नको. गोवंडीत राहणाऱ्या बाईला हवा खराब आहे हे जाहिरातीने सांगावं लागत नाही. देवनार डम्पिंग ग्राउंडला २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा दिवसचे दिवस तिच्या घरात धूर होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी ती रोज झटकते. तिला घाबरवून काही नवीन कळत नाही. उलट, ज्या जागेत ती संसार करते तीच जागा घाण आहे असं कोणीतरी बाहेरचा माणूस सुनावतोय, असं तिला वाटतं.

तिच्या मनातला प्रश्न साधा असतो: एवढे आठ-दहा हजार घातले तर माझ्या खोलीत काय फरक पडेल? म्हणून सुरुवात खोलीपासून करावी. खोली केवढी, माणसं किती, खिडकी कुठे उघडते, स्वयंपाक त्याच खोलीत होतो का. यंत्राचं सगळं काम या चार गोष्टींवर ठरतं आणि नेमक्या याच चार गोष्टी बहुतेक जाहिरातींत नसतात. पांढरा सोफा, मोठी काच आणि एकटं खेळणारं मूल असलेला दिवाणखाना दाखवला की आपला ग्राहक समजतो, ही वस्तू आपल्यासाठी नाही.

‘९९.९७ टक्के शुद्ध हवा’ असं लिहायला हरकत काय? फिल्टरच्या कागदपत्रांत तोच आकडा आहे.

आकडा खरा असेल, पण तो खोलीचा नाही. हेपा फिल्टरच्या कागदातून हवा एकदा आरपार गेली की ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे ९९.९७ टक्के कण त्या कागदात अडकतात, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून मोठे कण तर अडकतातच, आणि फार बारीक कणसुद्धा इकडेतिकडे भरकटत धाग्यांना चिकटतात. ०.३ च्या जवळपासचे कण पकडणं सगळ्यांत कठीण असतं, म्हणून चाचणी त्या मापावर घेतात.

खोलीतल्या हवेचा हिशेब निराळा आहे. ती हवा थोडी थोडी करून यंत्रातून जाते आणि तेवढ्या वेळात दाराच्या फटीतून, खिडकीतून, जिन्यातून नवी धूळ आत येतच राहते. त्यामुळे फिल्टर कितीही चांगला असला तरी खोली कधीच ९९.९७ टक्के स्वच्छ होत नाही. हा आकडा लिहायचाच असेल तर ‘फिल्टरमधून जाणाऱ्या हवेतले कण’ असं पूर्ण वाक्य लिहा आणि ते मथळ्यात टाकू नका. मथळ्यात आला की वाचणारा तो आपल्या खोलीला लावतो, आणि हवेतली धूळ मोजणारा मीटर विकत घेतलेला पहिला ग्राहक तुमच्या पेजवर फोटो टाकतो.

‘५०० चौरस फुटांपर्यंत’ असं आमच्या खोक्यावर छापलं आहे. तेच जाहिरातीत घेऊ का?

आधी यंत्राचा सीएडीआर बघा. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, याचं ते माप. समजा तो तासाला १५० घनमीटर आहे आणि ग्राहकाची खोली १० बाय १२ ची, छत ९ फुटांवर. म्हणजे खोलीत १,०८० घनफूट हवा मावते, साधारण ३० घनमीटर. दीडशेला तीसने भागलं की पाच. या खोलीतली सगळी हवा तासातून पाच वेळा फिल्टरमधून जाण्याइतकं काम हे यंत्र करतं, आणि हे चांगलं प्रमाण आहे. अमेरिकेतल्या उपकरण उत्पादकांच्या संघटनेचा खोलीच्या मापाचा जो नियम जगभर वापरला जातो, तोही जवळपास इथेच येतो.

आता तेच यंत्र ५०० चौरस फुटांच्या जागेत ठेवा. छत तेवढंच धरलं तर हवा होते सुमारे १२७ घनमीटर, आणि यंत्राच्या वाट्याला तासातून एखादीच फेरी येते. ‘पर्यंत’ हा शब्द मोठा आकडा छापायची मुभा देतो, पण ग्राहक तो शब्द वाचत नाही.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी रीत आहे. खोलीचे चौरस फूट सव्वाने गुणा, म्हणजे तासाला किमान किती घनमीटर सीएडीआर हवा ते निघतं. १२० चौरस फुटांना १५०, १८० चौरस फुटांना २२५. दुकानात बसलेल्या मुलालाही हे शिकवा. सीएडीआर घनफूट प्रतिमिनिट अशा मापात दिला असेल तर त्याला १.७ ने गुणलं की घनमीटर प्रतितास मिळतात. जाहिरातीत ‘१० बाय १२ च्या खोलीसाठी’ एवढंच लिहा. हा आकडा पाचशेपेक्षा लहान दिसतो याची धास्ती मालकाला वाटते, हे खरं. पण आपल्या ग्राहकाच्या घरात पाचशे चौरस फूट मुळात नाहीतच. ‘दहा बाय बारा’ वाचल्यावर तो थांबतो, कारण ती त्याचीच खोली असते.

आमच्या ग्राहकांना खिडकी बंद ठेवता येत नाही. मग जाहिरातीत काय सांगायचं?

पूर्ण विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर टाळणारी जाहिरात या वस्त्यांसाठी निरुपयोगी आहे. एकाच खोलीत पाच माणसं झोपतात, वर पत्रा किंवा तापलेली गच्ची असते, एसी नसतो. तिथे ‘दारं-खिडक्या पूर्ण बंद ठेवा’ ही सूचना कोणी पाळू शकत नाही, आणि पाळूही नये. बंद खोलीत पाच जणांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोकं जड होतं, घाम येतो. प्युरिफायर धूळ काढतो. तो ताजी हवा आणत नाही आणि खोली गारही करत नाही. हे वाक्य जाहिरातीत असलंच पाहिजे.

खिडकी उघडी ठेवल्यावर काय होतं, त्याचा अंदाज साध्या गणिताने येतो. आपलं नमुन्याचं यंत्र तासाला १५० घनमीटर हवा साफ करतं. दार-खिडकी लावलेल्या साधारण खोलीत फटींतून तासाला ३० घनमीटरच्या आसपास बाहेरची हवा शिरते असं धरू. बाहेरून ३० येतात आणि यंत्र १५० साफ करतं, तेव्हा आतली धूळ कमी होत होत बाहेरच्या सहाव्या हिश्श्यावर येऊन थांबते. बाहेर पीएम २.५ चं, म्हणजे बारीक धुळीचं, प्रमाण घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम असेल तर आत सुमारे २०. तिथे पोचायला वेळ लागतो. अर्ध्या तासात आकडा २५ च्या जवळ येतो, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर.

खिडकी अशी किलकिली ठेवली की तिच्यातून तासाला १५० घनमीटर हवा आत येते, तर आतली धूळ बाहेरच्या निम्म्यावर थांबते. तेव्हा आत ६०. आणि खिडकी सताड उघडी, समोर दार उघडं, आरपार वारा असेल तर यंत्र चालू आहे की बंद, हे मीटरवर ओळखूही येणार नाही.

म्हणजे जाहिरातीत दोन आकडे हवेत, एक लावलेल्या खिडकीचा आणि एक किलकिल्या खिडकीचा. निम्म्यावर येणं हा छोटा फायदा नाही. बाहेर १२० असताना आत रात्रभर ६० असणं कोणत्याही आईला पटेल, फक्त ते तिला आधी सांगितलेलं हवं. सोबत एक सूचना द्या. मुंबईत थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा रात्री आणि पहाटे साचून राहते. दुपारी ऊन तापलं आणि समुद्रावरचा वारा सुटला की ती हलते. त्यामुळे खोली मोकळी करायची ती दुपारी, आणि खिडकी ओढून घ्यायची ती रात्री आणि सकाळच्या रहदारीच्या वेळी. शेजारी कोणी कचरा जाळत असेल तेव्हाही. पंखा चालू ठेवायला काहीच हरकत नाही, हेही लिहा. हा प्रश्न प्रत्येक दुकानात विचारला जातो.

घरातच फोडणीचा धूर होतो, उदबत्ती आणि मच्छर कॉइल लागते. याबद्दल जाहिरातीत बोलावं का?

बोलावंच, कारण इथे ग्राहकाला फुकटात सर्वांत मोठा फायदा देता येतो. एक मच्छर कॉइल पूर्ण जळेपर्यंत जेवढे बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. बंद खोलीत कॉइल पेटवून शेजारी प्युरिफायर लावणं म्हणजे यंत्राला रात्रभर कॉइलच्या मागे पळवणं आहे. मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी हा उपाय जाहिरातीत लिहिला तर एकही यंत्र कमी खपणार नाही, आणि घेतलेलं यंत्र खरोखर काम करताना दिसेल.

फोडणीचं तेल हा वेगळा त्रास. वन रूम किचनमध्ये यंत्र ओट्याच्या जवळ ठेवलं की पुढच्या जाळीवर काही आठवड्यांत चिकट, पिवळट लव धरते. बोट फिरवलं तर बोटाला तेल लागतं. तेच तेल मागच्या हेपा कागदात उतरतं, आणि तो कागद धुता येत नाही. हवा जाईनाशी होते, पंख्याचा आवाज वाढतो, आणि ग्राहक म्हणतो ‘मशीन बिघडलं’. म्हणून मजकुरात स्पष्ट लिहा: स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट पंखा किंवा खिडकी, आणि गॅस बंद केल्यावर प्युरिफायर मोठ्या वेगावर अर्धा तास. यंत्र ओट्यापासून शक्य तितकं लांब, बिछान्याच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा. पलंगाखाली सरकवून ठेवलं तर ते पलंगाखालचीच हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतं.

कचरा जाळल्याचा वास, गटाराचा वास, केमिकलचा वास जातो असं लिहू का?

हेपा फिल्टर फक्त कण पकडतो. वास आणि वायू त्यातून सरळ निघून जातात. ते धरायला सक्रिय कोळसा लागतो, तोही भरपूर. बहुतेक स्वस्त यंत्रांत कोळसा म्हणून नुसता काळ्या जाळीचा पातळ थर असतो. तो थोडे दिवस वास कमी करतो आणि मग भरून जातो. माहुलसारख्या रिफायनरीलगतच्या भागात ‘केमिकलच्या वासापासून सुटका’ असं लिहून यंत्र विकणं म्हणजे फसवणूक आहे. ‘धूर आणि धुळीचे कण कमी करतं, वायू अडवत नाही’ हे खरं वाक्य आहे.

एक वायू असा आहे की त्याच्याबद्दल गप्प बसणं धोक्याचं ठरेल. कार्बन मोनॉक्साइड कोणत्याही घरगुती प्युरिफायरने जात नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, थंडीत शेगडीवर पेटवलेला कोळसा, यांच्यासाठी हवा खेळती ठेवणं हाच उपाय. ‘विषारी धुरापासून संरक्षण’ असे शब्द वाचून कोणी शेगडी पेटवून दार लावलं तर जीव जाईल. म्हणून ‘विषारी’ हा शब्द या वस्तूच्या मजकुरातून काढूनच टाका.

आयन सोडणारी यंत्रं असतील तर त्यांतून ओझोन वायू किती निघतो, हेही विचारा. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दशलक्ष भागांत ०.०५० अशी कायदेशीर मर्यादा आहे. ओझोनने दम्याच्या रुग्णाची छाती आवळते. पुरवठादाराकडे चाचणी अहवाल नसेल तर आयनचं बटण हा ‘फायदा’ म्हणून मिरवू नका.

दमा असलेल्या मुलांच्या आईबापांना काय सांगता येईल?

एवढंच, की खोलीतली बारीक धूळ कमी होते. हे मोजता येतं, सिद्ध करता येतं. दम्याची लक्षणं किती कमी होतील, याबाबत वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे निष्कर्ष आले आहेत. काही मुलांना फरक पडतो, काहींना जाणवत नाही. ‘दमा बरा होतो’, ‘औषधं सुटतात’, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे तिन्ही दावे लिहू नयेत.

हे मी कायद्याच्या भीतीने म्हणत नाही. महिन्याच्या पगारातून हप्ता बांधून यंत्र घेणारा बाप दुसरीकडे कुठेतरी खर्च कापतो. जाहिरात वाचून त्याने मुलाचा इनहेलर कापला तर त्याला आपला मजकूर जबाबदार असेल. म्हणून ‘डॉक्टरांनी दिलेला पंप आणि औषधं नेहमीसारखीच चालू ठेवा’ हे वाक्य मुख्य मजकुरात, मोठ्या अक्षरात घ्या. मास्क लावलेलं रडकं मूल, नेब्युलायझर लावलेलं मूल असली चित्रं वापरू नका.

आवाज, वीज आणि फिल्टरचा खर्च लिहिला तर ग्राहक पळून जाईल ना?

जो पळणार तो तिसऱ्या महिन्यात यंत्र माळ्यावर टाकूनही पळतोच, आणि जाताना दहा जणांना सांगतो. खर्च आधी सांगा.

वीज फारशी लागत नाही आणि हे लोकांना माहीत नसतं. ४० वॅटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर महिन्याला १२ युनिट. युनिटमागे १० रुपये धरले तरी १२० रुपये. हा आकडा जाहिरातीला मदतच करतो.

आवाजाचं मात्र नीट सांगायला हवं. सीएडीआर मोजतात तो सगळ्यांत मोठ्या वेगावर, आणि त्या वेगावर यंत्र भरधाव पंख्यासारखं घोंघावतं. लहान खोलीत ते डोक्यापासून दोन हातांवर असतं, म्हणून रात्री सगळे ते मंद वेगावर टाकतात. कित्येक यंत्रांचा सीएडीआर मंद वेगावर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आपल्या नमुन्यात दीडशेचे पन्नास झाले, आणि खिडकी लावलेली असूनही आतली धूळ बाहेरच्या एकतृतीयांशापेक्षा थोडी वरच राहिली. बाहेर १२० असताना आत ४५. म्हणून पुरवठादाराकडून मंद वेगाचा सीएडीआर मागून घ्या आणि तोही छापा. माझ्या मते या बाजारात सर्वांत उपयोगी पडेल असा आकडा हाच आहे, कारण कुटुंब यंत्र वापरतं ते मुख्यतः झोपेत. झोपायच्या आधी अर्धा तास मोठा वेग, मग मंद, ही सवयही लिहून द्या.

फिल्टरचं म्हणाल तर ‘एक वर्ष टिकतो’ हा कंपनीचा अंदाज रोज ठरावीक तास, ठरावीक धूळ धरून काढलेला असतो. रस्त्याचं काम चालू आहे किंवा शेजारी इमारत पाडली आहे अशा जागी तो त्याआधीच भरतो. यंत्रावरचा फिल्टर बदलायचा दिवा लागायची वाट बघायला नको. पांढरा कागद गडद करडा झाला, वारा हाताला कमी लागायला लागला आणि पूर्वीइतक्याच वेळात मीटर खाली येईना, की समजावं. बदली फिल्टरची किंमत यंत्राच्या किमतीच्या शेजारीच छापा. आणि गेल्या वर्षीच्या मॉडेलचे फिल्टर अजून मिळतात का हे विचारल्याशिवाय त्याची जाहिरात घेऊ नका.

एखादा मजकूर आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, ते दाखवाल का?

नमुन्याच्या यंत्रासाठी असा कच्चा मजकूर हातात येतो:

> विषारी हवेपासून तुमच्या बाळाला वाचवा! ९९.९७% शुद्ध हवा. ५०० चौ. फुटांपर्यंत. दमा, अ‍ॅलर्जी, दुर्गंधीला करा बाय-बाय!

यातली सगळी अडचण वर येऊन गेली आहे. त्याच यंत्राचा, त्याच जागेत बसणारा मजकूर असा होतो:

> दहा बाय बाराची खोली, पाच माणसं, रस्त्यावर उघडणारी खिडकी. हे यंत्र अशाच घरासाठी.
>
> खिडकी लावून मोठ्या वेगावर ठेवलंत, तर अर्ध्या तासात खोलीतली बारीक धूळ बाहेरच्या पाचव्या हिश्श्यावर येते. खिडकी किलकिली ठेवलीत, तर साधारण निम्म्यावर. रात्री मंद वेगावर आवाज कमी होतो आणि कामही कमी होतं: खिडकी लावलेली असताना धूळ बाहेरच्या एकतृतीयांशाच्या थोडी वर राहते.
>
> फोडणीचा धूर आधी खिडकीतून जाऊ द्या, मग यंत्र लावा. वास आणि वायू ते अडवत नाही. घरात कोणाला दमा असेल तर डॉक्टरांनी दिलेली औषधं चालूच ठेवा.
>
> यंत्र ८,५०० रुपये. बदली फिल्टर २,२०० रुपये, रस्त्यालगतच्या घरात वर्षातून दोनदाही लागू शकतो. वीज महिन्याला सुमारे १२ युनिट.
>
> तुमच्या खोलीची लांबी-रुंदी घेऊन दुकानात या. हे यंत्र पुरणार नसेल तर तसं सांगू.

शेवटची ओळ दुकानदाराने पाळायची असेल तरच छापा. ती पाळणाऱ्या दुकानात माणूस शेजाऱ्याला घेऊन येतो.

हे आकडे नुसते हिशेबाने लिहिले तर चालतील?

चालणार नाहीत. हिशेबाने अंदाज येतो, दावा छापायला मोजलेला पुरावा लागतो. प्रयोगशाळेचा सीएडीआर अहवाल पुरवठादाराकडून घ्या, आणि त्यावर खऱ्या घरांत मोजणी करा. दोन सारखे लेझर मीटर घ्या. आधी ते शेजारी शेजारी ठेवून तासभर चालवा. दोघांचे आकडे जुळत नसतील तर फरक लिहून ठेवा. मग एक खिडकीबाहेर सावलीत, दुसरा बिछान्याच्या उंचीवर, यंत्रापासून लांब. यंत्राच्या तोंडाशी मीटर धरून ‘शून्य’ दाखवणारा व्हिडिओ हा पुरावा नाही, कारण तिथे फिल्टरमधून नुकतीच बाहेर पडलेली हवाच असते.

तासभर यंत्र बंद ठेवून दोन्ही आकडे टिपा. मग खिडकी लावून मोठा वेग, नंतर किलकिली खिडकी, नंतर मंद वेग. प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. त्या वेळात घरात स्वयंपाक, उदबत्ती, केर काढणं नको. नंतर एक पूर्ण रात्र घरच्यांना नेहमीसारखं राहू द्या आणि तीही मोजा. वेगवेगळ्या घरांतले आकडे वेगवेगळे येतील. त्यातला सर्वांत चांगला आकडा निवडू नका. बहुतेक घरांत मिळालेला आकडा छापा. पावसाळ्यात मोजणी करू नका. दमट हवेत हे स्वस्त मीटर वाफेचे थेंबही धूळ म्हणून मोजतात.

वस्तीतला एक्यूआय जाहिरातीत टाकावा का?

टाकला तर एक घोटाळा सांभाळा. एक्यूआय १५० म्हणजे घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम नव्हे. भारताच्या पद्धतीत पीएम २.५ चं प्रमाण ६१ ते ९० असलं की एक्यूआय १०१ ते २०० च्या ‘मध्यम’ पट्ट्यात येतो. बाहेरचा एक्यूआय आणि आतल्या मीटरवरचे मायक्रोग्रॅम शेजारी छापले की फरक आहे त्यापेक्षा बराच मोठा दिसतो. दोन्हीकडे एकच एकक वापरा आणि बाहेरचा आकडा कोणत्या केंद्राचा, कोणत्या तारखेचा ते लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर तो मिळतो. जवळचं केंद्र वस्तीपासून लांब असेल तर आपला बाहेरचा मीटर जास्त खरं सांगतो.

अटी खाली बारीक अक्षरात इंग्रजीत टाकल्या तर पुरे ना?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याचा फॉन्टही दाव्याचाच हवा. मथळ्यातला दावा खुलाशाने उलटवता येत नाही. मराठी मथळ्याखाली इंग्रजी तारांकित ओळ ही सवय म्हणून मोडायलाच हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोजणीच्या नोंदी तारखेसह जपून ठेवा, विचारणा झाली तर त्याच दाखवाव्या लागतात.

जाहिरात कधी सुरू करावी आणि कधी थांबवावी?

पाऊस परतला की, म्हणजे ऑक्टोबरपासून. वारा पडतो, बांधकामं पुन्हा जोरात सुरू होतात, आणि फेब्रुवारीपर्यंत मुंबईची हवा वाईटच असते. पावसाळ्यात धूळ बसते, खिडक्या उघड्या असतात, तेव्हा या यंत्राची जाहिरात बंद ठेवा. ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांना जूनमध्ये एक मेसेज पाठवा: यंत्र पुसून, फिल्टर पूर्ण कोरडा करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. ओलसर भिंतीलगत उघडा राहिलेला फिल्टर ऑक्टोबरमध्ये लावला की कुबट वास येतो. तो वास आला तर नवा फिल्टर घेण्याशिवाय मार्ग नाही.